एआयने लिहून दिलेला स्नेहसंमेलनाचा अहवाल आपल्या शाळेचा कसा करावा

जानेवारीत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू झाली की अहवाल लिहायचे काम बहुधा शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. हल्ली एआयकडून पाच मिनिटांत चार पाने तयार होऊन मिळतात. शुद्धलेखन बरे असते, मथळे असतात, सुरुवातीला सुविचारही असतो. तरीही तो कागद माईकवर वाचायला लागले की तिसऱ्या मिनिटाला पालक एकमेकांशी बोलू लागतात, कारण त्यात त्यांच्या मुलांबद्दल एकही वाक्य नसते. तो मसुदा हाताशी धरून खरा अहवाल कसा लिहायचा, त्याची ही पद्धत आहे. साधारण दोन संध्याकाळी लागतात. पहिली माहिती गोळा करण्यात जाते, दुसरी लिहिण्यात.

उदाहरण म्हणून एक शाळा डोळ्यांसमोर ठेवू. बीडकडच्या ऊसतोडीच्या पट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ८४, शिक्षक चार. स्नेहसंमेलन जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. खाली आलेले आकडे आणि प्रसंग या नमुन्याच्या शाळेचे आहेत. तुमच्या अहवालात तुमचे हवेत.

आधी ठरवा: हा कागद कधी वाचला जाणार आहे?

'स्नेहसंमेलनाचा अहवाल' या शब्दांचे दोन अर्थ होतात आणि मसुद्यात ते हमखास एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला म्हणजे वार्षिक अहवाल. दीपप्रज्वलन आणि स्वागत झाल्यावर, पाहुण्यांच्या भाषणाआधी मुख्याध्यापक तो वाचतात आणि त्यात वर्षभराचा हिशेब असतो. दुसरा म्हणजे कार्यक्रमाचा वृत्तांत. तो कार्यक्रम संपल्यावर वर्तमानपत्रासाठी किंवा शाळेच्या दप्तरासाठी लिहितात. एआयला फक्त 'स्नेहसंमेलनाचा अहवाल' एवढेच सांगितले तर तो दोन्ही एकाच कागदात घालतो. मग मंचावर अहवाल वाचताना 'चिमुकल्यांच्या नृत्याने प्रेक्षक मंत्रमुग्ध झाले' असे वाक्य येते आणि नाचणारी मुले तेव्हा पडद्यामागे घुंगरू बांधत असतात.

मंचावर वाचायचा अहवाल लिहीत असाल, तर आजच्या कार्यक्रमाबद्दलचे भूतकाळातले प्रत्येक वाक्य आधी कापा. मसुद्याचा एक चतुर्थांश भाग तिथेच जातो. इथून पुढचे सगळे या वार्षिक अहवालाबद्दल आहे.

मसुदा मिटवून कपाट उघडा

पहिली चूक इथेच होते. मसुदा समोर ठेवून एकेक वाक्य 'जरा बरे' करत गेलात, तर मसुद्याचाच सांगाडा राहतो आणि त्यात आपल्या शाळेच्या तारखा डकवलेल्या दिसतात. म्हणून पहिल्या संध्याकाळी मसुद्याकडे बघूच नका. टेबलावर ही दप्तरे काढा: सूचना वही, हजेरीपत्रके, शेरेबुक, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, पोषण आहाराची नोंदवही, पावतीपुस्तक आणि स्पर्धांच्या प्रमाणपत्रांची फाईल.

सर्वांत जास्त हाती लागते ते सूचना वहीतून. 'उद्या तिसरीच्या मुलांनी वही-पेन्सिल घेऊन ओढ्याकडे यायचे आहे' अशी दोन ओळींची सूचना म्हणजे परिसर भेट झाल्याचा पुरावा, तारखेसकट. शेरेबुकात केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकाऱ्यांनी भेटीत काय पाहिले ते त्यांच्याच शब्दांत असते. त्यातले एक वाक्य अहवालात घेता येते, पण ते आहे तसे घ्यावे, फुलवू नये. इतिवृत्तातून कोणता ठराव झाला आणि तो पुरा झाला का हे कळते.

फोनमधले फोटोही उघडा, मात्र तारखेबाबत जपून. व्हॉट्सअॅपच्या गटावरून उतरवलेल्या फोटोला तो आपल्या फोनवर आला त्या दिवसाची तारीख लागते. कुणी ऑगस्टमधले वृक्षारोपणाचे फोटो ऑक्टोबरात टाकले, तर तुमच्या अहवालात वृक्षारोपण ऑक्टोबरात होते. शंका आली की ज्याने फोटो काढला त्याच्या मूळ फोनवर पाहा, किंवा त्या दिवशीचे हजेरीपत्रक नाहीतर सूचना वही पाहा.

सापडलेले सगळे एका कोऱ्या कागदावर महिन्यांच्या क्रमाने लिहा. एका ओळीत एक गोष्ट: तारीख, काय झाले, किती मुले, कोणी केले. ८४ पटाच्या शाळेत अशा तीस-पस्तीस ओळी सहज होतात.

मग सहकाऱ्यांकडे जा. 'तुमच्या वर्गाचे उपक्रम लिहून द्या' असे म्हणालात तर मसुद्यासारखेच कागद हातात पडतील. त्याऐवजी प्रत्येकाला दोनच प्रश्न तोंडी विचारा. यंदा तुमच्या वर्गातल्या कुठल्या मुलाने तुम्हाला चकित केले? आणि कोणती गोष्ट ठरवली होती पण जमली नाही? दुसऱ्या प्रश्नाला माणूस मोकळेपणाने बोलतो आणि पहिल्याचे खरे उत्तरही बहुधा तिथेच निघते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही विचारा. कोण दोनदा भात मागून घेतो आणि कोण धाकट्या भावाला आधी वाढून देतो, हे त्यांना गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असते.

आता लाल पेन घेऊन मसुद्याकडे

प्रत्येक वाक्याच्या समासात तीनपैकी एक खूण करा. खरे असेल आणि तुमच्या कागदावर त्याचा पुरावा असेल तर बरोबरची खूण. खरे की खोटे ते सांगता येत नसेल तर प्रश्नचिन्ह. आणि दुसऱ्या कुठल्याही शाळेच्या नावाने वाचले तरी चालेल असे वाक्य असेल तर गोल.

गोल सर्वांत जास्त पडतील. 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी आमची शाळा सदैव कटिबद्ध आहे', 'विविध उपक्रमांच्या माध्यमातून सुप्त गुणांना वाव देण्यात आला', 'हा केवळ एक कार्यक्रम नव्हता, तर एक संस्मरणीय प्रवास होता'. गोल केलेले वाक्य दुरुस्त करत बसू नका. त्यात दुरुस्त करण्याजोगे काही नसते, ते सरळ काढून टाका.

प्रश्नचिन्हे थोडी असतात, पण घात तीच करतात. एआयला तुमच्या शाळेची माहिती नसते. अहवालात साधारण काय असते एवढेच त्याला ठाऊक असते, म्हणून रिकाम्या जागा तो शोभेल अशा गोष्टींनी भरतो. 'सरासरी उपस्थिती ९५ टक्के', 'जिल्हास्तरीय विज्ञान प्रदर्शनात द्वितीय क्रमांक', 'पालक मेळाव्याला उत्स्फूर्त प्रतिसाद' ही वाक्ये खोटी वाटत नाहीत, म्हणूनच नजरेतून निसटतात. आकडा, क्रमांक, स्तर आणि कुणाच्या तोंडचे वाक्य, या चार गोष्टी मसुद्यात दिसल्या की पुरावा सापडेपर्यंत त्या खोट्या धरा. मंचासमोर बसलेल्या दोनशे माणसांत त्या विज्ञान प्रदर्शनाला मुलांना घेऊन गेलेला रिक्षावाला काकाही असतो.

एक चूक अशी आहे जी जाणत्या शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. ती आहे कालक्रमाची. मसुद्यात शैक्षणिक वर्षाची सगळी ठरलेली दिनविशेष मालिका असते: योग दिन, शिक्षक दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती आणि पुढे २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन. पण तुमचे स्नेहसंमेलन जानेवारीत आहे. फेब्रुवारी अजून उजाडायचा आहे. 'यावर्षी मराठी भाषा गौरव दिन उत्साहात साजरा झाला' हे वाक्य तुम्ही महिनाभर आधीच वाचून मोकळे होता.

त्यावर उपाय म्हणजे अहवालाचा काळ जूनपासून न मोजता गेल्या स्नेहसंमेलनापासून या स्नेहसंमेलनापर्यंत धरायचा. गेल्या फेब्रुवारीतला विज्ञान दिन गेल्या अहवालात आलेला नसणार, तो यात येईल. निकालांचेही तसेच. गेल्या फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेली पाचवीची मुले आज सहावीत आहेत. सातवीतून गेलेली मुले तर आज दुसऱ्या शाळेत आठवीत बसतात. त्यांचे यश सांगताना 'गेल्या वर्षी पाचवीत असलेला आणि आता सहावीत शिकणारा' असे स्पष्ट म्हणा. नाहीतर पाचवीच्या रांगेतली मुले मागे वळून बघतात, आपल्यातले कोण ते.

शब्दांचा हिशेब: आठशे

माईकवर सावकाश वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द धरावेत. मेकअप करून, भरजरी कपडे घालून बसलेली पहिलीची मुले आठ मिनिटे थांबतात, त्यापुढे नाही. म्हणजे आठशे शब्द. एआयचा मसुदा बहुधा याच्या दीडपट-दुप्पट असतो.

या आठशेची वाटणी समान करू नका. पट, उपस्थिती आणि निकाल यांना शंभर पुरतात. तीन प्रसंग निवडा आणि प्रत्येकाला सव्वाशेच्या आसपास शब्द द्या. उरलेले सगळे उपक्रम मिळून सव्वाशे शब्दांत, पटपट, नुसती नावे आणि महिने सांगून. आभारांना सव्वाशे आणि शाळेची गरज मांडायला सत्तर-ऐंशी. पस्तीस ओळींतल्या तीनच गोष्टी सविस्तर सांगायच्या याचे सुरुवातीला वाईट वाटते. पण पस्तीस गोष्टींवर प्रत्येकी एकेक वाक्य म्हणजे पुन्हा तोच मसुदा.

तीन प्रसंग निवडताना मोठ्या बक्षिसाकडे पाहू नका. ज्यात मूल काहीतरी करताना दिसते तो प्रसंग घ्या. शक्यतो एक लहान वर्गांतला, एक मोठ्या वर्गांतला, आणि एक असा ज्यात गावाचाही हात आहे.

एक परिच्छेद सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मसुद्यात आनंद बाजाराबद्दल असे आले होते:

'शाळेत आनंद बाजाराचे यशस्वी आयोजन करण्यात आले. विद्यार्थ्यांनी विविध स्टॉल लावून उत्स्फूर्त सहभाग नोंदवला. या उपक्रमातून विद्यार्थ्यांमध्ये व्यावहारिक ज्ञान, उद्योजकता आणि आत्मविश्वास विकसित झाला. हा केवळ बाजार नव्हता, तर जीवनाचे धडे देणारी कार्यशाळा होती.'

या चार वाक्यांतून एकच खरी गोष्ट कळते, ती म्हणजे आनंद बाजार भरला. आता गोळा केलेल्या कागदावर काय आहे ते बघा. डिसेंबरातला शनिवार. २३ गाळे. अकराच्या सुमारास सगळ्यांकडचे सुट्टे पैसे संपले आणि किराणा दुकानातून पाचशेची चिल्लर आणावी लागली. आणि तिसरीच्या बाईंनी सांगितलेली गोष्ट: एका मुलाने घरच्या वाफ्यातल्या मेथीच्या २० जुड्या आणल्या होत्या. दहाला एक अशा १४ विकल्या. उरलेल्या मलूल व्हायला लागल्या तेव्हा त्याने पाणी शिंपडून भाव पाचवर आणला.

नवखा लिहिणारा यातून पहिल्या खेपेला असे लिहितो: 'डिसेंबर महिन्यात आनंद बाजार भरवण्यात आला. त्यात २३ गाळे होते. इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्याने २० मेथीच्या जुड्या विकून १७० रुपये मिळवले. यातून त्याला व्यवहारज्ञान मिळाले.' सगळे खरे आहे, पण कोरडे. १७० हा आकडा आला, तो कसा आला ते गेले. आणि शेवटच्या वाक्याने ऐकणाऱ्याच्या हातून समजून घेण्याचा आनंद काढून घेतला. मुलाने काय केले ते दिसले की तो काय शिकला हे पालकांना कळतेच.

आता हे बघा:

'डिसेंबरात आपल्या पटांगणात आनंद बाजार भरला. तेवीस गाळे होते. अकरा वाजता अख्ख्या बाजारातली चिल्लर संपली, तेव्हा किराणा दुकानातून पाचशेची नाणी आणली. तिसरीतला … घरच्या वाफ्यातली मेथी घेऊन बसला होता. वीस जुड्या, दहाला एक. चौदा गेल्या. ऊन चढलं, पाला मलूल व्हायला लागला. त्याने कुणालाही न विचारता जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि भाव पाच केला. सहाही गेल्या. सोमवारी बाईंनी त्याच मेथीचं गणित फळ्यावर मांडलं. यायला हवे होते दोनशे, आले एकशे सत्तर, मग तीस गेले कुठे? वर्गातल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं.'

पंचाहत्तरच्या आसपास शब्द झाले. टिंबांच्या जागी मुलाचे नाव येईल. आणखी एखादा गाळा किंवा खरेदीला आलेल्या आज्यांचे एक वाक्य घालायला जागा उरते. 'आत्मविश्वास', 'उद्योजकता', 'सर्वांगीण' यांतला एकही शब्द नाही, तरी ते सगळे त्यात आहे. बाईंचे कौतुक वेगळे करावे लागले नाही. बाजारातला हिशेब दोन दिवसांनी फळ्यावर आणणारी शिक्षिका कशी असेल, ते ऐकणाऱ्याला समजले.

इथे भाषाही बदलली आहे. मसुदा 'झाले, केले, शिंपडले' असा छापील थाटात होता, हा 'झालं, केलं, शिंपडलं' असा बोलीत आहे. मंचावर दोन्ही चालतात, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवा. मसुद्यातला एखादा परिच्छेद उचलून आपल्या परिच्छेदांमध्ये बसवला की जोड इथेच उघडा पडतो.

'करण्यात आले' दिसले की विचारा: कोणी?

माया शब्दांत कशी आणायची, हा नव्या शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न. एआयला 'जिव्हाळ्याने लिही' म्हटले की तो विशेषणे वाढवतो: लाडकी चिमुकली, निरागस फुले, उद्याचे तारे. त्याने काही होत नाही. माया दिसते ती कुणी काय केले हे लक्षात ठेवून सांगण्यात.

त्यासाठी एकच कसरत पुरेशी आहे. मसुद्यात जिथे जिथे 'करण्यात आले', 'देण्यात आला', 'राबवण्यात आला' आहे तिथे 'कोणी?' असे लिहा आणि उत्तर वाक्याच्या सुरुवातीला आणा. 'शालेय परिसराची रंगरंगोटी करण्यात आली' याचे 'दिवाळीच्या सुटीत चार पालक रोज संध्याकाळी येऊन व्हरांडा रंगवून गेले, रंग ग्रामपंचायतीने दिला' असे होते. इतिवृत्तात 'ठराव मंजूर करण्यात आला' ठीकच आहे, ती दप्तराची भाषा. मंचावर मात्र ज्याने रंगवले तो माणूस समोर बसलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हार. मसुद्यात कुणीच हरत नाही, 'क्रीडा क्षेत्रात घवघवीत यश' असते. आपल्या शाळेच्या मुली खो-खोत केंद्रावर पहिल्या आल्या आणि तालुक्याला एका गुणाने हरल्या. ते तसेच सांगा: 'संघाला बारा मुली हव्यात. सहावी-सातवीत मिळून नऊच होत्या, म्हणून पाचवीतल्या तिघी घेतल्या. तालुक्याला एका गुणाने हरलो. त्या तिघी पुढच्या वर्षीही आहेत.' हे ऐकून त्या तिघींच्या घरचे ताठ बसतात. शिवाय हरल्याचे सांगितल्यामुळे केंद्रावरच्या पहिल्या क्रमांकावरही लोकांचा विश्वास बसतो.

कोणत्या गोष्टी माईकवर सांगायच्या नाहीत

एआय मुलाच्या कौतुकाला अडचणीची पार्श्वभूमी जोडतो: 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीवर मात करून', 'पितृछत्र हरपलेले असतानाही', 'अपंगत्वावर मात करत'. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ते मूल पहिल्या रांगेत, नवे कपडे घालून, वर्गमित्रांच्या मध्ये बसलेले असते. वाक्य लिहून झाले की ते मूल तिथे बसले आहे असे समजा. नाव पुकारल्यावर ते वर बघेल की खाली? खाली बघेल असे वाटले तर घरची गोष्ट काढा आणि त्याने केलेले काम तेवढे ठेवा. चाक-खुर्चीवरच्या मुलीने भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढला असेल तर अहवालात नकाशा येईल, खुर्ची येणार नाही. ती सगळ्यांना दिसते आहेच.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबद्दलही असेच. 'स्थलांतराची गंभीर समस्या' असे म्हटले की समोर बसलेले आईबापच समस्या ठरतात. त्याऐवजी: 'दिवाळीनंतर अकरा मुलांचे आईवडील कारखान्याकडे गेले. त्यांपैकी सात जणांना आजी-आजोबांनी गावात ठेवून घेतलं, म्हणून आज ती इथे बसली आहेत. त्या आजी-आजोबांचे शाळेवर उपकार आहेत.' इथे एकाही मुलाचे नाव नाही आणि त्याची गरजही नाही.

याच कारणासाठी एआयला मसुदा मागताना मुलांची पूर्ण नावे, जात, आजार, आधार क्रमांक यांतले काही देऊ नये. वर्ग आणि घटना एवढे पुरते. नावे शेवटी स्वतःच्या हाताने घाला.

मराठीतले उपरे शब्द

एआयच्या मराठीत हिंदी शाळेचे शब्द शिरतात. प्रधानाचार्य, अभिभावक, मुख्य अतिथी, धन्यवाद ज्ञापन, वार्षिक दिवस, 'नृत्य प्रस्तुत केले' हे दिसले की मुख्याध्यापक, पालक, प्रमुख पाहुणे, आभार प्रदर्शन, स्नेहसंमेलन आणि 'नृत्य सादर केले' असे बदला. 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावली' आणि 'अमिट छाप सोडली' ही वाक्ये बदलू नका, काढाच. ज्याने भूमिका बजावली त्याने नेमके काय केले ते लिहा. तीन-तीनच्या जोड्याही तपासा: 'ज्ञान, संस्कार आणि कौशल्य', 'जिद्द, चिकाटी आणि मेहनत'. माणूस बोलताना बहुतेक वेळा एकच शब्द वापरतो आणि तो पुरतो.

गरज आणि आभार

पावसाळ्यात चौथीच्या खोलीचे छत गळले आणि दीड महिना दोन वर्ग एका खोलीत बसले. हे मसुद्यात कधीच नसते. मंचावर सरपंच आणि गटशिक्षणाधिकारी बसलेले असताना ते सांगावे की नाही, असा संकोच होतो. सांगावे, पण तीन वाक्यांत: काय झाले, आतापर्यंत काय केले, काय उरले. 'जुलैत चौथीच्या खोलीचं छत गळलं. तात्पुरती ताडपत्री टाकून, दोन वर्ग एकत्र बसवून आम्ही पावसाळा काढला. दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला आहे, पुढच्या पावसाआधी काम व्हावं एवढीच विनंती आहे.' दोष कुणाला दिलेला नाही, म्हणून कुणाला उत्तर द्यायची घाईही होत नाही. प्रस्ताव खरोखर पाठवला असेल तरच ते वाक्य वाचा. जावक क्रमांक जवळ ठेवा, कारण पाहुणे भाषणात हमखास विचारतात.

आभारांच्या यादीत रकमा असतील तर प्रत्येक रक्कम पावतीपुस्तकाशी जुळवा. एकाचे ५०१ आणि दुसऱ्याचे ५०० यांत गावात फरक पडतो. पदे आणि आडनावे ज्याची त्याच्याकडून तपासून घ्या. गेल्या वर्षीचा अध्यक्ष बदललेला असतो आणि जुन्या मसुद्यातले नाव तसेच राहते. रकमा न देणाऱ्यांचे आभार आधी माना: स्वयंपाक करणाऱ्या ताई, पाण्याची टाकी धुणारा मामा, सरावाला आपली ओसरी देणारे शेजारी. देणगीदारांची नावे फलकावरही असतात, यांची कुठेच नसतात.

आदल्या दिवशी

पूर्ण अहवाल मोठ्याने, उभे राहून, घड्याळ लावून वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य दोन करा. जिथे जीभ अडखळते तो बहुधा मसुद्यातून उरलेला शब्द असतो. आकडे वाचताना चुकतात म्हणून कागदावर मोठे आकडे अक्षरांत लिहा: 'एकशे सत्तर'. मुलांच्या नावांचा उच्चार त्यांच्या वर्गशिक्षकांकडून ऐकून घ्या. नाव चुकले तर त्या मुलासाठी बाकीचा अहवाल वाया जातो.

मग तो दोघांकडे द्या. एक शाळेतले जुने शिक्षक, जे तारखा आणि नावे पाहतील. दुसरे व्यवस्थापन समितीतले एक पालक. त्यांना एवढेच विचारा, 'यातली कुठली गोष्ट घरी जाऊन सांगाल?' त्यांना एकही आठवली नाही, तर तीन प्रसंगांपैकी एखादा चुकीचा निवडला गेला आहे. पस्तीस ओळींच्या कागदाकडे परत जा. आठवलेली गोष्ट मधे कुठेतरी दडली असेल, तर तीच उचलून सुरुवातीला आणा. सुविचाराच्या जागी मेथीची जुडी चालते.

अहवाल मोठ्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि पानांवर क्रमांक घाला, कारण मंचावर वारा असतो आणि दिवे डोळ्यांवर असतात. शेवटच्या पानावर चार ओळींची जागा कोरी ठेवा. सकाळी मंडप घालायला अचानक आलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे तिथे पेनने लिहायची आहेत.